येतंय कोण, ते क्रियापद सांगतं!

‘मी शुक्रवारी तीन वाजता तुमच्या ऑफिसात पायधूळ झाडायला येतो. तुमच्या साहेबांना म्हणावं, वेळेवर हजर राहा.’

क्लायंटच्या सेक्रेटरीला असा मेल पाठवायची हिंमत आहे का तुमच्यात? नाही ना? पण जपानी क्लायंटबरोबर काम करणारी आपली बरीच मंडळी जवळजवळ हेच वाक्य पाठवतात. तेही अगदी आदराने, डिक्शनरी उघडून, दोनदा तपासून. कारण क्लासमध्ये शिकवलेलं असतं की ‘इराश्शाइमास’ म्हणजे ‘येतात’चं आदरार्थी रूप. आदर दाखवायचाय, मग मारा इराश्शाइमास! आणि मग येतो मी, पण पायधूळही माझीच झडते.

या सगळ्या प्रकाराला जपानीत ‘केइगो’ म्हणतात. एन-थ्री पास झालेले, अॅनिमे सबटायटलशिवाय बघणारे लोकही पाच ओळींच्या मेलपुढे अर्धा तास घालवतात तो या केइगोमुळे. आणि हे पाच ओळींचं मेल बहुतेक वेळा थेट मोठ्या साहेबांना नसतंच. ते असतं त्यांच्या सेक्रेटरीला, म्हणजे ‘हिशो’ला. इथेच खरी गंमत आहे. साहेबांशी बोलताना निदान वर कोण, खाली कोण हे तरी स्पष्ट असतं. सेक्रेटरीच्या बाबतीत प्रश्न पडतो : ही कदाचित माझ्याहून लहान असेल, पण बोलायचंय तिच्या साहेबांबद्दल आणि माझ्याही साहेबांबद्दल. मग नक्की कोणाला किती मान?

एक मेल घेऊया

समजा, तुम्ही पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले जोशी. तुमचे मॅनेजर कुलकर्णी टोकियोला जाणार आहेत. तिथे क्लायंटचे तानाका-बुच्यो (बुच्यो म्हणजे विभागप्रमुख) त्यांना शुक्रवारी दोन वाजता भेटणार होते. बुच्योंच्या सेक्रेटरी सातो-सान यांचा मेल येतो : आधीची मीटिंग लांबणार आहे, तीन वाजता चालेल का? तुम्ही कुलकर्ण्यांना विचारता. ते म्हणतात चालेल. आता तुम्हाला एवढंच कळवायचंय : मेल मिळाला, तीनला येतो, सोबत फाइल जोडली आहे ती साहेबांनी आधी बघावी, आणि त्यांना नमस्कार सांगा.

मराठीत हे दोन मिनिटांचं काम. जपानीत नवशिक्याचा पहिला ड्राफ्ट साधारण असा होतो :

‘सातो-सान, गोकुरोसामा देस. र्‍योकाइ शिमाशिता. कुलकर्णी-सान नि उकागाइमाशिता. किन्योबी नो सान्जी नि इराश्शाइमास. शिर्यो ओ तानाका बुच्यो-सामा नि हाइकेन शिते मोरात्ते कुदासाइ. बुच्यो नि योरोशिकु ओ-त्सुताए शिते कुदासाइ.’

दिसायला किती नम्र! सगळीकडे ‘सान’, ‘सामा’, ‘कुदासाइ’. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी उलटं झालंय. पण एकेक चूक बघण्याआधी, हे उलटं का होतं ते बघू. ते कळलं की पाठांतर निम्मं होतं.

आमचे साहेब, तुमचे साहेब

मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. कुलकर्णी साहेब माझे वरिष्ठ, म्हणून ते कायम ‘साहेब येणार आहेत’. मी हे प्यूनला सांगितलं, क्लायंटला सांगितलं किंवा पंतप्रधानांना सांगितलं, तरी ‘आहेत’चं ‘आहे’ होत नाही. क्लायंटसमोर आपल्या साहेबांना ‘कुलकर्णी येणारे तीन वाजता’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं ठरलेलं. घरातही तेच. ‘बाबा बाहेर गेलेत’, ‘हे अजून आले नाहीत’. घरच्या माणसाबद्दल परक्याशी बोलतानाही आपण मान सोडत नाही.

जपानीत आदर माणसाला चिकटत नाही, तो बाजू बघतो. ‘उची’ म्हणजे आतले, आपले. ‘सोतो’ म्हणजे बाहेरचे. ऑफिसात कुलकर्णी-सान माझे साहेब, त्यांच्याशी बोलताना आदराची रूपं हवीतच. पण क्लायंट समोर आला की रेष हलते. आता कुलकर्णी आणि मी दोघंही रेषेच्या अलीकडे, एकाच पंगतीत. तिथे त्यांना ‘सान’ लावायचं नाही आणि त्यांच्या क्रियापदाला नम्र रूप लावायचं, कारण आपल्या बाजूचा माणूस म्हणजे जणू मीच. घरातही हाच नियम. स्वतःच्या वडिलांना हाक मारताना ‘ओतोसान’, पण बाहेरच्याशी त्यांच्याबद्दल बोलताना साधं ‘चिची’.

आणि सातो-सान? त्या रेषेच्या पलीकडच्या. त्यांचं वय, पगार, पद याचा इथे संबंध नाही. क्लायंटच्या बाजूच्या आहेत, एवढं पुरे. शिवाय तुमचा मेल त्या बुच्योंना जशाच्या तसा फॉरवर्ड करू शकतात, म्हणजे पाच ओळींना वाचक दोन. ‘सेक्रेटरी तर आहे, साधं चालेल’ असं म्हणून पाठवलेली ओळ थेट बुच्योंच्या स्क्रीनवर उघडते.

मग येणार कोण?

आता सगळ्यात महाग चूक. ‘किन्योबी नो सान्जी नि इराश्शाइमास.’ शुक्रवारी तीनला... कोण?

वाक्यात कर्ता नाहीच. जपानीत तो सर्रास गाळतात. आपणही गाळतो की! ‘तीनला येतो’ म्हटलं की ‘मी’ सांगावं लागत नाही, ‘तीनला या’ म्हटलं की ‘तुम्ही’ सांगावं लागत नाही. कारण मराठी क्रियापदाच्या शेपटीतच माणूस बसलेला असतो. जपानी क्रियापदाला ती शेपटी नाही. ‘किमास’ म्हणजे मी येतो, तू येतोस, ते येतात, काहीही. मग समोरच्याला कळतं कसं? केइगोवरून! ‘इराश्शाइमास’ असेल तर येणारा पलीकडचा. ‘उकागाइमास’ किंवा ‘माइरिमास’ असेल तर येणारे आम्ही. आपल्या ‘येतो’ आणि ‘येता’ यांत जो फरक, तो फरक जपानी माणूस या जोडीतून वाचतो.

म्हणून सातो-सानना तुमचं वाक्य असं दिसतं : ‘शुक्रवारी तीनला बुच्यो येणार आहेत.’ कुठे? पुण्याच्या लोकांच्या हॉटेलवर? भेट तर आमच्या ऑफिसात ठरली होती! आधीच्या वाक्यात कुलकर्ण्यांचं नाव आहे म्हणून त्या अंदाज बांधतील, पण खात्रीसाठी मेल किंवा फोन करावाच लागेल. म्हणजे हा फक्त मॅनर्सचा मामला नाही. चुकीच्या रूपाने मीटिंगची जागाच बदलते.

बरोबर वाक्य : ‘किन्योबी नो गोगो सान्जी नि, कुलकर्णी गा किशा नि उकागाइमास.’ कुलकर्णी, नुसते. ‘किशा’ म्हणजे तुमची कंपनी, लेखी मेलसाठी. फोनवर तीच ‘ओन्शा’ होते. आणि ‘गोगो’ म्हणजे दुपारनंतर. तीन म्हटलं की पहाटेचे नक्कीच नाहीत, पण वेळेच्या बाबतीत एक शब्द जास्त बरा.

उकागाउ कोणापुढे वाकतं?

आता ‘कुलकर्णी-सान नि उकागाइमाशिता’कडे या. ‘सान’ काढायचं हे कळलं. मग ‘कुलकर्णी नि उकागाइमाशिता’ चालेल? ‘उकागाउ’ला येणं आणि विचारणं असे दोन्ही अर्थ आहेत, दोन्ही नम्र. क्रिया माझी, रूप नम्र, म्हणजे हिशेब बरोबर दिसतो. तरीही चूक!

याचं कारण फार कमी क्लासमध्ये नीट सांगतात. नम्र क्रियापदं दोन जातींची आहेत. जपान सरकारच्या संस्कृतीविषयक परिषदेने, ‘बुन्का शिंगिकाइ’ने, फेब्रुवारी 2007 मध्ये केइगोची मार्गदर्शिका दिली. तोपर्यंत शाळेत केइगोचे तीन प्रकार शिकवत. मार्गदर्शिकेने पाच केले, आणि त्यात नम्र रूपांची ही फाळणी आली. पहिल्या जातीची क्रियापदं ज्याच्यापर्यंत क्रिया पोचते त्याला वर चढवतात. ‘उकागाउ’, ‘मोशिआगेरु’ ही त्यातली. मी ज्याला विचारलं, ज्याच्याकडे गेलो, ज्याला सांगितलं, तो मोठा. दुसऱ्या जातीची क्रियापदं कोणालाच चढवत नाहीत, फक्त ऐकणाऱ्यासमोर अदबीने बोलतात. ‘माइरु’, ‘मोसु’, ‘इतासु’, ‘ओरु’ ही त्यातली.

आता बघा. ‘कुलकर्णी नि उकागाइमाशिता’ म्हटलं की विचारणा पोचते कुलकर्ण्यांपर्यंत, म्हणजे चढले कुलकर्णी! ‘सान’ काढून त्यांना खाली आणलं आणि क्रियापदाने मागच्या दाराने परत गादीवर बसवलं. म्हणून इथे दुसऱ्या जातीचं हवं : ‘कुलकर्णी नि काकुनिन इताशिमाशिता’, कुलकर्ण्यांकडून खात्री करून घेतली. अदब सातो-सानसमोर, मान कोणालाच नाही.

उलट बुच्योंच्या ऑफिसात जाताना ‘उकागाइमास’ फिट्ट, कारण तिथे चढणारे बुच्योच आहेत. आणि समजा नुसतं म्हणायचं असेल की कुलकर्णी गुरुवारी टोकियोला येत आहेत? तेव्हा ‘तोक्यो नि माइरिमास’. शहराला कशाला चढवायचं!

एका ‘शिते’ची गोष्ट

राहिलेल्या ओळींतली सगळ्यात कॉमन चूक इतकी बारीक आहे की ड्राफ्ट पाच वेळा वाचूनही नजरेतून सुटते. ‘ओ-त्सुताए शिते कुदासाइ.’ ‘कृपया कळवा’साठी हे वाक्य ऐकायला झकास वाटतं. मागे ‘ओ’, पुढे ‘कुदासाइ’, अजून काय पाहिजे?

‘ओ-त्सुताए सुरु’ हे पहिल्या जातीचं नम्र रूप आहे. ‘मी आपल्याला कळवतो’ असं म्हणताना वापरायचं. त्याचंच ‘शिते कुदासाइ’ केलं की सातो-सानना तुम्ही सांगता, ‘तुम्ही आपल्या साहेबांपुढे वाकून कळवा.’ समोरच्याला कसं वाकायचं ते आपण सांगायचं नसतं. मधला ‘शिते’ उडवा : ‘ओ-त्सुताए कुदासाइ’. झालं, हे आदराचं रूप. एक शब्द कमी, आणि वाकणाऱ्या सातो-सान सरळ उभ्या राहिल्या. ‘गो-रेन्राकु शिते कुदासाइ’चंही तेच, ‘गो-रेन्राकु कुदासाइ’ म्हणायचं. ‘बुच्योंना विचारा’साठी ‘उकागात्ते कुदासाइ’ हाही त्यातलाच प्रकार. विचारणार त्या, वाकणारं क्रियापद माझं. त्याऐवजी ‘ओ-किकि कुदासाइ’.

‘हाइकेन’ची गोष्ट त्याहून मजेशीर. ‘हाइकेन सुरु’ म्हणजे बघणं, पण मी नम्रपणे बघणं. तुमचं पत्र मी हाइकेन करतो. बुच्यो माझी फाइल हाइकेन करत नाहीत, त्यांचं बघणं म्हणजे ‘गोरान’. ‘साहेबांना हाइकेन करायला सांगा’ म्हणजे ‘साहेबांना माझ्या फाइलचं दर्शन घ्यायला सांगा’. मी एवढा मोठा फाइलवाला कधी झालो?

किरकोळ दुरुस्त्या पटकन. ‘गोकुरोसामा’ वरच्याने खालच्याला म्हणायचं, क्लायंटला मुळीच नाही. ‘र्‍योकाइ’ सहकाऱ्यांपुरतं, बाहेर ‘शोची इताशिमाशिता’ सेफ. ‘बुच्यो-सामा’ नको, ‘बुच्यो’त मान आहेच, ‘तानाका-सामा’ किंवा ‘तानाका बुच्यो’ यांतलं एक घ्या. आणि पत्रात सातो-सान होतात ‘सातो-सामा’.

कॉपी-पेस्टचा सापळा

इथे हुशार माणूस म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला? सातो-सान जपानी आहेत, त्यांनी मेल नीटच लिहिला असणार, त्यांचीच वाक्यं उचलावीत!

नको. त्यांनी लिहिलं होतं : ‘तानाका गा, सान्जी नारा ओमे नि काकारेरु तो मोशिते ओरिमास.’ तानाका म्हणतात की तीनला भेट होऊ शकेल. नीट बघा, त्यांनी स्वतःच्या साहेबांचं ‘बुच्यो’ काढलंय, ‘सामा’ काढलंय, आणि त्यांना ‘मोसु’ आणि ‘ओरु’ लावलंय. त्यांच्यासाठी तानाका आतले, तुम्ही बाहेरचे. त्यांच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर. तुम्ही उत्तरात ‘तानाका गा मोशिते ओरिमाशिता’ लिहिलंत, तर तुम्ही क्लायंटच्या विभागप्रमुखाला एकेरीवर आणलंत, वर तो आपल्याच कंपनीचा असल्यासारखं.

त्यांचं वाक्य रेषेपलीकडून आलंय, म्हणून अलीकडे घेताना ते आरशातल्यासारखं उलटवायचं. ‘तानाका’चं ‘तानाका-सामा’. ‘मोसु’चं ‘ओश्शारु’. ‘ओमे नि काकारु’ म्हणजे भेटणं. ते आता आमच्या बाजूला येतं, कारण त्यांना भेटणारे आम्ही. खरं तर या आरशाचा फायदाही आहे. सातो-सान स्वतःच्या साहेबांसाठी कोणती क्रियापदं वापरतात ते बघा, तीच तुम्ही कुलकर्ण्यांसाठी वापरायची.

जास्त साखर

चुका कळल्या की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. ‘गोरान नि नारारेरु’, ‘ओश्शारारेरु’ असे आदरावर आदर चढवलेले प्रकार सुरू होतात. ‘गोरान नि नारु’मध्ये आदर झाला, त्यावर परत ‘रारेरु’ म्हणजे पेढ्यावर साखर. आणि ‘सासेते इतादाकु’! ‘मला करू दिलंत, उपकार झाले’ अशा अर्थाचं हे रूप जपानी लोक स्वतःच इतकं वापरतात की आपल्याला वाटतं सगळीकडे चालतं. त्याच 2007च्या मार्गदर्शिकेने त्याला दोन अटी घातल्या आहेत : समोरच्याच्या परवानगीने करतोय, आणि त्यातून माझा फायदा होतोय. मेलला फाइल जोडायला सातो-सानची परवानगी कुठे घेतली होती? म्हणून साधं ‘ओ-ओकुरि इताशिमास’, पाठवतोय.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर, रूपाची खात्री नसेल तिथे सरळ ‘देस-मास’ लिहावं. परदेशी माणसाचं साधं जपानी कोणी मनावर घेत नाही. त्रास होतो तो चुकीच्या दिशेला गेलेल्या केइगोचा, कारण त्यात कोण काय करणार तेच बदलतं.

तर जोशींचा शेवटचा ड्राफ्ट हा :

‘सातो-सामा,
इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास. पुणे नो जोशी दे गोझाइमास.
गो-रेन्राकु ओ इतादाकि, आरिगातो गोझाइमास. जिकान हेन्को नो केन, शोची इताशिमाशिता.
कुलकर्णी नि काकुनिन इताशिमाशिता. किन्योबी नो गोगो सान्जी नि, कुलकर्णी गा किशा नि उकागाइमास.
शिर्यो ओ ओ-ओकुरि इताशिमास. तानाका-सामा नि जिझेन नि गोरान इतादाकेमास तो साइवाइ देस.
तानाका-सामा नि योरोशिकु ओ-त्सुताए कुदासाइ.’

नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार, वेळ बदलल्याचं समजलं, कुलकर्ण्यांकडून खात्री केली, तीनला येत आहोत, फाइल पाठवतोय, साहेबांनी आधी नजर टाकली तर बरं होईल, त्यांना नमस्कार. पूर्ण मेलमध्ये ‘मी’ आणि ‘तुम्ही’ हे शब्द एकदाही नाहीत, तरी कोण काय करतंय यात शंका नाही.

आता मेल बरोबर गेला की नाही हे कळणार कसं? सातो-सान तुमची चूक दाखवतील ही आशा सोडा. क्लायंटच्या सेक्रेटरीने परक्या कंपनीच्या माणसाचं व्याकरण काढायचं नसतं. पण त्यांच्या उत्तराची पहिली ओळ नीट वाचा. बऱ्याचदा तिथे तुमचंच वाक्य खात्री करून घ्यायला परत आलेलं असतं, ‘म्हणजे कुलकर्णी-सामा तीनला इकडे येणार, बरोबर?’ असं. तिथे तुमच्या कुलकर्ण्यांना ‘सामा’ आणि ‘इराश्शारु’ लागलेलं दिसेल. ते त्यांच्या बाजूने बरोबरच. फक्त ‘इकडे येणार ना?’ असा प्रश्न आला असेल, तर गेलेला मेल उघडून क्रियापद बघा.

आणि हो, मेलच्या सीसीमध्ये कुलकर्णी साहेबही आहेत. स्वतःचं नाव सलग दोनदा ‘सान’शिवाय वाचून ते डेस्कजवळ येऊन उभे राहिले, तर त्यांना हा लेख द्या.